विश्लेषण : गाणे वाजले की विनोद कुणाचा? स्केच कॉमेडी आणि कॉपीराइटचे कोडे

नेरुळ, घणसोली, खारघरच्या सोसायट्यांमध्ये मोबाइलवर छोटे विनोदी प्रसंग चित्रित करून यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्या मित्रांच्या टोळ्या आता नवीन नाहीत. लेखक, नट, कॅमेरामन सगळे ओळखीतले, खर्च वडापाव आणि रिक्षाचा. पण हसू येण्यासाठी मध्येच एखादे गाजलेले गाणे वाजवले, की या घरगुती कारखान्याचे गणित बिघडते. जाहिरातीचे पैसे भलत्याच कंपनीकडे जातात, कधी चित्रफीतच गायब होते. असे का होते, कायदा काय सांगतो आणि विनोद लिहितानाच ही अडचण कशी टाळता येते, याचा हा आढावा.

गाण्यावरचा विनोद अडचणीत का येतो?

छोट्या प्रसंगाला वेळ कमी असतो. दीड मिनिटात पात्रे ओळखीची करायची, परिस्थिती उभी करायची आणि हसवायचे. अशा वेळी गाणे हा सोपा आडमार्ग असतो. नायिका दिसली की व्हायोलिन, सासू आली की मालिकेचे शीर्षकगीत, मित्राचा प्रेमभंग झाला की जुने दर्दभरे गाणे. दोन सेकंदांत प्रेक्षकाला सगळे कळते आणि तो हसतो.

हे हसू गाणे ओळखल्यामुळे येते. गाणे अनोळखी असेल तर विनोद पडतो. म्हणून लिहिणारा गाण्याचा सर्वात ओळखीचा तुकडाच उचलतो : मुखडा, सुरुवातीची धून किंवा सगळ्यांच्या तोंडी असलेली एक ओळ. कायद्याच्या आणि यंत्रणेच्या नजरेत नेमका हाच भाग सर्वात मोलाचा. प्रेक्षकाने गाणे ओळखावे ही विनोदाची अट आहे, आणि ज्या क्षणी प्रेक्षक ते ओळखतो त्याच क्षणी यूट्यूबची यंत्रणाही ते ओळखते. त्यामुळे 'कुणाला कळणार नाही इतकेच वापरू' हा उपाय इथे मुळातच चालत नाही. कुणाला कळले नाही तर हसणार कोण?

एका गाण्यात किती जणांचे हक्क असतात?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका चित्रपटगीतात किमान तीन वेगळे हक्क असतात. शब्दांवरचा हक्क, चालीवरचा हक्क आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क. पहिला गीतकाराच्या लेखनातून येतो, दुसरा संगीतकाराच्या रचनेतून आणि तिसरा प्रत्यक्ष मुद्रित झालेल्या आवाजाच्या पट्टीवर, म्हणजे बहुतेक वेळा संगीत कंपनीकडे असतो.

'मूळ गाणे नको, आपला बंड्याच गाईल' हा ठरलेला तोडगा म्हणूनच अर्धाच ठरतो. बंड्या गायला तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चाल मात्र दुसऱ्यांचीच राहतात. शब्द बदलून विडंबन केले तरी चाल उरते. चाल गुणगुणली तरी तेच. यूट्यूबची ओळख यंत्रणा मूळ मुद्रणाबरोबरच चालही जुळवून पाहू शकते, त्यामुळे घरी पेटीवर वाजवलेल्या धूनवरही दावा आल्याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्यात आश्चर्य काही नाही. हक्क चालीचाच आहे.

जुन्या गाण्यांबद्दलही असाच गोंधळ असतो. शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे अभंग अर्थातच सर्वांचे आहेत. पण त्याच अभंगांना श्रीनिवास खळे यांनी लावलेल्या चाली सर्वांच्या नाहीत. खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत चालेल. पारंपरिक कोळीगीत किंवा हळदीची गाणी यांचेही तसेच. लोकगीत जुने, पण कॅसेटच्या काळात किंवा नंतर कुणी त्याचे संगीत संयोजन करून मुद्रण केले असेल, तर ते मुद्रण त्या निर्मात्याचे असते.

दहा सेकंदांपर्यंत चालते, हे खरे का?

नाही. 'दहा सेकंद', 'तीस सेकंद' असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. चित्रफितीखाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असे लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही.

छोट्या तुकड्याचे मोल किती असते, हे मुंबई उच्च न्यायालयातील २००८ च्या एका प्रकरणाने दाखवून दिले. संगीतकार राम संपत यांनी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी 'द थम्प' ही धून तयार केली होती. 'क्रेझी ४' या चित्रपटाच्या गाण्यांत ती वापरल्याचा दावा करत ते न्यायालयात गेले. वाद काही मोजक्या सेकंदांच्या धूनचा होता. तरीही एप्रिल २००८ मध्ये, चित्रपट झळकण्याच्या तोंडावर, न्यायालयाने ती गाणी ठेवून चित्रपट प्रदर्शित करण्यास मनाई केली. पुढे हे प्रकरण दोन कोटी रुपयांवर मिटल्याच्या बातम्या आल्या. बोध एवढाच, की सेकंद किती हे दुय्यम आणि उचललेला भाग ऐकणाऱ्याला तीच मूळ कृती आठवून देतो का, हे महत्त्वाचे.

दुसऱ्या बाजूचा निकालही आहे. एका वृत्तवाहिनीच्या कार्यक्रमात गायिकेने आपल्या कारकिर्दीबद्दल बोलताना स्वतःच्या गाण्यांच्या मोजक्या ओळी गायल्या, तेव्हा यशराज फिल्म्सने दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१२ मध्ये, इतका क्षुल्लक वापर कायद्याने दखल घेण्याजोगा नाही, असे म्हटले. मात्र तो निकाल अनेक वर्षांच्या कज्जानंतर आला, आणि लढणारी एक वाहिनी होती. मित्रांच्या टोळीला इतका वेळ आणि वकिलाची फी परवडणार का, हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच.

विडंबनाला सूट नाही का?

'विडंबन' असा शब्द वापरून कायद्याने स्वतंत्र सूट दिलेली नाही. कलम ५२ मध्ये 'उचित वापर' मान्य आहे, पण तो खासगी वापर व संशोधन, टीका वा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन एवढ्यापुरता. विनोदी प्रसंगाला यात शिरायचे असेल, तर टीकेच्या दारातूनच शिरावे लागते.

हे दार केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उघडे असल्याचे सांगितले. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या राजकीय नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले, त्यात मूळ नाटकातील पात्रे आणि संवाद घेतले. न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या : किती आणि किती मोलाचा भाग घेतला, कशासाठी घेतला आणि नवी कृती मूळ कृतीची गिऱ्हाइके पळवते का. प्रतिनाटक हे मूळ नाटकावरच टीका करत होते, म्हणून ते चालले.

स्केच लिहिणाऱ्याने यातून स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपला विनोद त्या गाण्याबद्दल आहे, की गाणे केवळ वाहन आहे? गाण्यातील शब्दांचा फोलपणा दाखवणारा प्रसंग हा निदान टीकेचा दावा करू शकतो. पण बॉस केबिनमध्ये शिरताना खलनायकाची धून वाजली, तर टीका बॉसवर आहे. गाणे फुकटात राबवले गेले. स्केच वाहिन्यांवरचे बहुतेक गाण्यांचे विनोद या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

यूट्यूब प्रत्यक्षात काय करते?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते : दावा आणि स्ट्राइक. यूट्यूबकडे 'कंटेंट आयडी' नावाची स्वयंचलित यंत्रणा आहे. संगीत कंपन्यांनी आपल्या गाण्यांचे नमुने तिच्याकडे दिलेले असतात. नवी चित्रफीत चढली की तिचा आवाज या नमुन्यांशी ताडला जातो. जुळला तर दावा लागतो. मग मालकाने आधीच निवडून ठेवल्याप्रमाणे चित्रफीत रोखली जाते, तिच्यावरील जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात किंवा ती नुसती नजरेखाली ठेवली जाते. अशा दाव्याने वाहिनीवर डाग लागत नाही. पण तीन मिनिटांच्या चित्रफितीत आठ सेकंद गाणे असले, तरी त्या चित्रफितीची कमाई हातून जाऊ शकते.

स्ट्राइक वेगळा. मालकाने चित्रफीत काढून टाकण्याची रीतसर कायदेशीर मागणी केली आणि यूट्यूबने ती मान्य केली, की वाहिनीवर स्ट्राइक बसतो. तो साधारण ९० दिवस राहतो. या काळात तीन स्ट्राइक झाले की वाहिनी बंद होण्याची वेळ येते, आणि तिच्यासोबत जुन्या सगळ्या चित्रफितीही जातात.

छोट्या उभ्या चित्रफितींसाठी आणखी एक खाचखळगा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढली. मात्र एक मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर कंटेंट आयडीचा दावा लागला, तर ती सगळीकडे रोखली जाते. दीड मिनिटाचा प्रसंग लिहिणाऱ्यांना हा नियम थेट लागू होतो.

इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातील गाणे तर चालते ना, असेही विचारले जाते. तो संग्रह वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी आहे. एखाद्या मिठाईवाल्याने किंवा क्लासने पैसे देऊन बनवून घेतलेल्या रीलला ती परवानगी लागू होत नाही. शिवाय ती त्या ॲपपुरतीच असते. तीच फीत उतरवून यूट्यूबवर टाकली की परवानगी मागे राहते.

विनोद लिहितानाच कसा वाचवायचा?

संकलनाच्या टेबलावर उपाय फार थोडे उरतात. यूट्यूब स्टुडिओत गाण्याचा भाग कापता येतो, बदलता येतो किंवा मुका करता येतो. पण गाणे संवादाखाली वाजत असेल तर संवादाला धक्का लागू शकतो, आणि विनोदच गाण्यावर उभा असेल तर गाणे काढल्यावर उरते ते नुसते तोंडे हलवणारे मित्र. म्हणून खरी चाचणी कागदावर करायची असते. प्रसंग लिहून झाला की त्यातील गाण्याच्या सगळ्या ओळी खोडून तो मोठ्याने वाचायचा. हसू तरीही आले तर गाणे अनावश्यक आहे. हसू गेले तर प्रसंग अजून लिहायचा बाकी आहे.

एक कल्पित उदाहरण पाहू. समजा, नेरुळजवळच्या करावे गावातल्या चार मित्रांना हळदीवर प्रसंग करायचा आहे. आगरी-कोळी गावांतली हळद म्हणजे मांडव, जेवण आणि रात्रीचा नाच. पहिल्या खर्ड्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी दहा वाजता आवाज बंद करायला येतात आणि त्याच क्षणी डीजेवर असे गाणे लागते, ज्याची ओळ म्हणजे त्यांना दिलेले उत्तरच वाटते. सगळे हसतात. हा विनोद त्या ओळीच्या गीतकाराचा आहे. ओळ खोडली की प्रसंगात काहीच घडत नाही.

आता प्रसंगातले खरे भांडण काय, ते पाहायचे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. नाचणाऱ्यांचा पाय मात्र थांबत नाही. मग दुसरा खर्डा असा होतो. दहा वाजतात. डीजेवाला शिस्तीत बटण बंद करतो. पूर्ण शांतता. आणि मांडवातली माणसे तशीच नाचत राहतात. फक्त चपलांचा आवाज. सेक्रेटरी येतात.

"अहो, दहा वाजले. बंद करा."

"बंदच आहे काका."

"मग नाचताय कशावर?"

"आठवणीवर."

सेक्रेटरी डीजेजवळ जाऊन वायर तपासतात. ती खरोखरच काढलेली असते. ते वहीत तक्रार लिहायला बसतात, पण काय लिहावे सुचत नाही. एवढ्यात त्यांचा पाय ठेका धरू लागतो. शेवटी ते वैतागून म्हणतात, "अहो, मग निदान बदला तरी. हे दोनदा झालं!"

या प्रसंगात एकही गाणे नाही. प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनातले गाणे त्या शांततेत वाजवतो. त्याचे हक्क कुणालाच मागता येत नाहीत. लांबीही आटोक्यात आहे. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात. हा प्रसंग दीड पानात बसतो. चमत्कारिक गोष्ट, म्हणजे आवाजाविना नाच, पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत दिसते. मग तीच गोष्ट तीन पायऱ्यांनी चढते : नुसता प्रश्न, वायरची तपासणी आणि तक्रार करणाऱ्याचाच पाय. शेवटचे वाक्य आले की थांबायचे. नवा विनोद सुचला तर तो पुढच्या भागाला.

लिहिताना आणखी एक फायदा होतो. गाण्यावरचा विनोद ते गाणे जुने झाले की शिळा होतो. सेक्रेटरी मात्र प्रत्येक सोसायटीत आहेत.

मित्रांना घेताना काय पाहावे?

मराठीत या वाटेवरचे ठळक उदाहरण म्हणजे 'भाडिपा', म्हणजेच भारतीय डिजिटल पार्टी. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये ती उभी केली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काऊच'मध्ये दोघांची प्रत्यक्षातली मैत्री हाच विनोदाचा आधार होता. 'आई, मी आणि...' या मालिकेत रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांची मायलेकाची जोडी गाजली. तिथे हसू येत होते ते आईच्या बोलण्याच्या तऱ्हेतून. आगरी बोलीत प्रसंग करणारे विनायक माळी यांच्या चित्रफितींतही बोलीचा ठसका हाच मुख्य ऐवज आहे. बोलीवर कुणाचा कॉपीराइट नसतो.

मित्रांना भूमिका देताना म्हणूनच त्यांच्या बोलण्याची लकब आधी ऐकावी आणि पात्र त्यानुसार लिहावे. जो खरोखर हळू बोलतो, त्याला घाईतला गिऱ्हाईक करण्यापेक्षा रांगेतला क्लार्क करावे. पाठांतर कमी लागते आणि उसन्या संगीताची गरजही कमी भासते. कच्च्या नटाचा प्रसंग सावरण्यासाठीच अनेकदा मागे धून लावली जाते.

मैत्री असली तरी एक पान कागद मात्र हवा. कायद्यानुसार जो लिहितो तो त्या लेखनाचा पहिला मालक. वाहिनी एकाच्या नावावर आणि प्रसंग दुसऱ्याने लिहिलेला असेल, तर लेखनाचे हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय वाहिनीकडे जात नाहीत. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसते, त्यामुळे 'जगभर' हा शब्द लिहायला विसरू नये.

अभिनय करणाऱ्याचेही हक्क असतात. नटाने लेखी करारातून आपला अभिनय चित्रफितीत घेण्यास संमती दिली, की वेगळे काही ठरलेले नसल्यास, निर्मात्याच्या वापराला त्याला नंतर हरकत घेता येत नाही. ती संमती नसेल तर काय होते? मित्राला बँकेत नोकरी लागते, लग्न ठरते आणि जुनी फीत काढून टाक असा आग्रह सुरू होतो. तेव्हा बोलण्यापेक्षा आधीच लिहिलेले बरे : निर्माता कोण, लेखक कोण, कमाई झाली तर वाटणी कशी आणि कुणाला फीत नको झाली तर काय करायचे.

'कल्पना माझी होती' हा तर प्रत्येक टोळीत होणारा वाद. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. 'सेक्रेटरीवर काहीतरी करू' ही कल्पना. वर लिहिलेले संवाद ही मांडणी.

न बोलावता आलेल्या गाण्यांचे काय?

कागदावर गाणे नसले तरी चित्रीकरणात ते शिरते. रिक्षातला एफएम, वाशीच्या सागर विहारजवळ फिरणाऱ्या कुणाच्या ब्लूटूथ स्पीकरवरचे गाणे, मित्राच्या फोनची रिंगटोन, समोरच्या मंडपातली आरतीची ध्वनिफीत. कंटेंट आयडीला ते तुमच्या संवादाखालीही ऐकू येते. पार्श्वभूमीला सहज आलेल्या कलाकृतीला कायद्यात सूट आहे, पण ती चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींसाठी. संगीताचा उल्लेख त्यात नाही.

हळदीच्या बाबतीत हा गोंधळ अधिकच होतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणी वाजवणे हा हक्कभंग नाही, असे कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून ते पुन्हा सांगितले. पण ही सूट समारंभात वाजवण्याची आहे. खऱ्या हळदीत कॅमेरा नेऊन तिथला आवाज प्रसंगात वापरला आणि फीत वाहिनीवर टाकली, तर ती सूट त्या फितीसोबत येत नाही.

उपाय साधे आहेत. प्रत्येक जागी आधी अर्धा मिनिट नुसता आवाज मुद्रित करून हेडफोनवर ऐकावा. गाणे ऐकू आले तर जागा किंवा वेळ बदलावी. सकाळी सातचा सोसायटीचा जिना संध्याकाळच्या पदपथापेक्षा बरा. मोबाइलला कॉलर माइक लावल्यास संवाद जवळून येतो आणि मागचा आवाज दबतो. नाचाचा प्रसंग असेल तर गाणे न वाजवता टाळीवर किंवा आकड्यांवर नाचवून घ्यावे आणि आवाज नंतर जोडावा. फीत तयार झाली की ती लगेच जाहीर करू नये. संगणकावरून खासगी स्वरूपात चढवली की यूट्यूब प्रकाशनापूर्वी कॉपीराइटची तपासणी करून निकाल दाखवते. दावा असेल तर तो कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत आहे, हेही तिथेच कळते. तेवढा भाग पुन्हा मुद्रित करणे तेव्हा शक्य असते.

संगीत हवेच असेल तर?

यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत धून मिळतात. काहींसाठी रचनाकाराचे नाव वर्णनात देण्याची अट असते, ती पाळावी लागते. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याची धून घेताना 'अव्यावसायिक' अशी अट आहे का ते पाहावे. कमाई सुरू असलेल्या वाहिनीवर ती चालत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे टोळीतल्याच एखाद्या ढोलकी किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राकडून चार ठोक्यांची स्वतःची धून करून घेणे, आणि तिचाही हक्क त्याच एका पानावर लिहून घेणे. दहा भागांत तीच धून सेक्रेटरींच्या प्रवेशाला वाजली, की अकराव्या भागात ती नुसती ऐकूनच प्रेक्षक हसू लागतो. ओळखीमुळे येणारे ते हसू या वेळी मात्र वाहिनीचे स्वतःचे असते.

चुकून दावा आलाच तर घाबरून फीत काढण्यापूर्वी तो कशावर आहे ते वाचावे. स्वतःच्या किंवा परवाना असलेल्या धूनवर आला असेल, तर आक्षेप नोंदवता येतो. पाच दिवसांच्या आत आक्षेप नोंदवला तर दावा लागल्यापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवली जाते, आणि दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. मात्र गाणे खरोखरच दुसऱ्याचे असेल, तर 'विनोदासाठी वापरले' एवढ्या आधारावर आक्षेप रेटणे धोक्याचे. दावेदार त्यावर फीत काढण्याची रीतसर मागणी करू शकतो, आणि नुसत्या कमाईवरचा दावा स्ट्राइकपर्यंत जातो. अशा वेळी तो भाग कापून टाकणे आणि पुढचा प्रसंग गाण्याविना लिहिणे स्वस्त पडते.